मकावची फुलदाणी, नागोयाची डबी
पेडणे आणि डिचोलीतील तीन मीनावस्तूंच्या वयाचा शोध

आमच्या भागातल्या जुन्या घरांत काचेच्या कपाटात एखादी निळी-हिरवी, तारेच्या नक्षीची फुलदाणी किंवा झाकणाची डबी असते. ती कुठली, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, ‘मकावची.’ पुढचा प्रश्न वयाचा. त्याचं उत्तर दोनशे वर्षांपासून सुरू होतं आणि गप्पा रंगल्या की चारशेपर्यंत जातं.

या उत्तराला आधार अजिबात नाही असं नाही. मकाव हे पोर्तुगीज ठाणं १८४४ पर्यंत गोव्याच्या कारभाराखाली होतं. शिपाई, कारकून, पाद्री, व्यापारी यांची ये-जा होती आणि चिनी माल गोव्यात उतरत होता. पण पेडणे आणि डिचोली हे ‘नव्या काबिजादी’चे तालुके. डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी इथे वाडीकर भोसल्यांचा अंमल होता. ‘पोर्तुगीज अमदानीत आमच्या घराण्याला मिळालेली’ वस्तू इथे चारशे वर्षांची असायची तर आधी अमदानीच तितकी जुनी असायला हवी. अर्थात हा झाला कागदावरचा युक्तिवाद. वस्तू स्वतः काय सांगते ते पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या तीन वस्तूंबद्दल इथे लिहितो आहे. घरांची नावं मालकांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

आधी ही वस्तू बनते कशी ते थोडक्यात. जयपूरचा मीना आपल्याला दागिन्यांमुळे माहीत आहे. त्यात धातूवर खड्डे कोरतात आणि त्यात रंगीत काचेची पूड भरून भाजतात. आपल्या फुलदाण्यांचं उलट असतं. इथे धातू कोरत नाहीत. तांब्याच्या भांड्यावर चपटी बारीक तार उभी वळवून नक्षीचे कप्पे बांधतात, तांदळाच्या रांगोळीने रेघा काढाव्यात तसे, फक्त इथे रेघ म्हणजे भिंत. त्या कप्प्यांत ओली काचपूड भरतात आणि भट्टीत साधारण ८०० अंशांवर भाजतात. काच वितळून आकसते, कप्पा अर्धा रिकामा होतो, म्हणून पुन्हा भरायचं, पुन्हा भाजायचं. तीन-चार वेळा हे झालं की दगडाने आणि कोळशाने घासून तार आणि काच एका पातळीवर आणतात. शेवटी उघड्या दिसणाऱ्या धातूवर सोन्याचं पाणी देतात. या कामाला फ्रेंच नावावरून क्लॉइझने म्हणतात. चिनी लोक त्याला जिंगताईच्या काळावरून नाव देतात. जिंगताई हा मिंग घराण्यातला सम्राट, त्याची कारकीर्द १४५० ते १४५७. जपानी नाव शिप्पो, म्हणजे सात रत्नं.

सोन्याचं पाणी सगळ्यात शेवटी, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे त्याचा उपयोग आहे.

पहिल्या दोन वस्तू पेडणे तालुक्यातल्या एकाच घरच्या. घराची वाटणी चालली होती. दोन भाऊ आणि एक बहीण. थोरल्याला फुलदाणी हवी होती आणि तिच्या बदल्यात काजूच्या एका तुकड्यावरचा हक्क सोडायला तो तयार होता, कारण मुंबईच्या कुणीतरी फोटो पाहून ‘मिंग’ म्हटलं होतं. डबीला कुणी विचारत नव्हतं. ती ‘जपानी, नवी’ म्हणून बहिणीच्या नावे आपोआप गेली होती. कागदावर सह्या व्हायच्या होत्या. घरातल्या वृद्ध काकींचं म्हणणं ठाम होतं, ‘तें मकावचें, आजोबान हाडिल्लें.’

फुलदाणी साधारण नऊ इंच उंच. जमीन आकाशी-हिरवट निळी, तीवर कमळाच्या वेली, आणि मोकळ्या जागेत सगळीकडे तारेची लहान लहान वेटोळी. ही वेटोळी केवळ शोभेची नसतात. तापलेलं तांबं थंड होताना काचेपेक्षा जास्त आकसतं. काचेचा मोठा सलग पट्टा असला तर तो ताणाने तडकतो किंवा सुटतो. म्हणून कारागीर मोकळी जागा तारेने तोडून टाकत. ही अडचण जपानी कारागिरांनी पुढे सोडवली आणि मोठ्या साध्या जमिनी भाजू लागले. चिनी कामात मात्र वेटोळ्यांची सवय विसाव्या शतकातही राहिली. तेव्हा नुसत्या वेटोळ्यांवरून वय काढता येत नाही.

तार पाहायची तर सोनाराचं दहापट भिंग लागतं आणि कडेने पडणारा उजेड. जुन्या मिंग कामात तार काशाची असे, पत्रा ठोकून त्याच्या पट्ट्या कापलेली. अशा पट्टीची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त होते आणि वळणावर तिला लांबीच्या दिशेने चीर पडते. भिंगाखाली एका तारेच्या जागी दोन केसांएवढ्या रेघा शेजारी शेजारी दिसतात. पुढे छिद्रातून ओढलेली तांब्याची तार आली. ती पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकसारखी. पेडण्याच्या फुलदाणीवर मी गळ्यापासून तळापर्यंत पाहत गेलो. चीर एकही नाही, जाडी सगळीकडे तीच. मुंबईकराच्या ‘मिंग’ला पहिला धक्का इथेच बसला.

दुसरा धक्का रंगाचा, आणि तो जास्त पक्का आहे. कमळाच्या पाकळ्या गुलाबी होत्या. मलईसारखा, अपारदर्शक, एकजीव गुलाबी. हा रंग सोन्यापासून होतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत विखुरले की काच गुलाबी ते माणकासारखी लाल दिसते. ही विद्या युरोपात सतराव्या शतकात रुळली आणि चिनी दरबाराच्या कारखान्यात साधारण १७२० च्या सुमारास पोचली. त्याआधीच्या चिनी कामात गुलाबी हवा असला की तांबडी आणि पांढरी पूड मिसळून भरत. लांबून गुलाबी दिसतं, भिंगाखाली तांबडे आणि पांढरे दाणे वेगळे दिसतात, भातात मिसळलेल्या तिखटासारखे. या फुलदाणीत दाणे नव्हते. म्हणजे ती १७२० च्या आधीची असूच शकत नाही.

हा नियम एकाच बाजूने चालतो. एकजीव गुलाबी आहे म्हणजे वस्तू त्या सालानंतरची. गुलाबी नाही म्हणून ती आधीची, असं होत नाही. कारागिराला त्या दिवशी गुलाबी नको असेल, इतकंच. वस्तूचं वय तिच्यातल्या सर्वांत नव्या खुणेवरून ठरतं, सर्वांत जुन्या खुणेवरून नाही. नक्षी जुनी, आकार जुना, शिक्का जुना आणि रंग एक नवा, तर वस्तू नवी.

शिक्क्याचं म्हणाल तर तळावर चिनी अक्षरं होती आणि वाचून घेतली तर ती जिंगताईच्या नावाची निघाली. घरच्यांना आनंद झाला. पण जिंगताईचं नाव हे या धंद्यात फार पूर्वीपासून गुणवत्तेची खूण म्हणून घालत आले आहेत. जसं आपल्याकडे कुठल्याही चांगल्या लुगड्याला पैठणी म्हणावं तसं. तो शिक्का असणं हा वयाचा पुरावा नाही. अक्षरांपेक्षा मला तळाचा रंग महत्त्वाचा वाटला. तळाला आणि आत गळ्यापासून दिसेल तिथवर आकाशी काच होती. बाहेरच्या काचेचा ताण तोलायला आतून काच देतात म्हणजे पातळ पत्रा वाकत नाही. जुन्या जाड भांड्यांना त्याची तितकी गरज नव्हती, त्यांचा तळ बहुधा सोन्याचं पाणी दिलेलाच उघडा असे. पातळ पत्रा आणि आतून-तळातून सलग आकाशी काच, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा, बाहेर विकायला केलेल्या बेजिंगच्या मालाचा थाट.

मग टवका. पोटावर एका बाजूला नखाएवढी काच उडाली होती. टवका म्हणजे घरच्यांना दुःख, पण पाहणाऱ्याला खिडकी, कारण तिथून आतली बांधणी दिसते. उडालेल्या जागेच्या मागे तांब्याला बारीक पोचा होता आणि त्याच्या भोवती ताऱ्यासारखे तडे. म्हणजे कधीतरी आदळली आहे, काच आपोआप सुटलेली नाही. तारा मात्र खड्ड्यात उभ्या होत्या, तांब्याला घट्ट. बेजिंगच्या पद्धतीत तार आधी वनस्पतीच्या डिंकाने चिकटवतात, मग डाकाची पूड भुरभुरून भाजतात, त्यामुळे ती धातूला जडते. काच गेली तरी तार राहते. जपानी पद्धतीत डाक नसतो, डिंक जळून जातो आणि तार काचेच्या आधाराने उभी असते. तिथे काच उडाली की तारही बरोबर जाते किंवा लोंबते.

आणि त्या खड्ड्याचा तळ पिवळा, चकचकीत होता. तांबं तिथे तपकिरी असायला हवं. सोन्याचं पाणी शेवटी देतात हे वर सांगितलं. काच शाबूत असताना तिच्याखालच्या तांब्याला सोनं लागणं शक्य नाही. खड्ड्यात सोनं आहे म्हणजे टवका आधी आणि सोनं नंतर. कुणीतरी फुटलेल्या फुलदाणीला पुन्हा सोन्याचं पाणी चढवून आणलं होतं, तेही विजेच्या पद्धतीने, कारण त्या पद्धतीत द्रवात बुडालेल्या प्रत्येक उघड्या धातूवर सोनं बसतं. मुंबईकराला फोटोत ‘मूळ सोनं अजून शाबूत’ असं जे दिसलं ते हेच.

हे सगळं जुळवून मी लिहून दिलं की फुलदाणी बेजिंगची, साधारण १८९० ते १९३०, नंतर मुलामा दिलेली. थोरल्या भावाने विचारलं, ‘मग मकाव कुठं गेलं?’ प्रश्न रास्त आहे. आजोबांनी ती मकावहून आणली असणं अजिबात अशक्य नाही. १८४४ नंतरही गोव्यातली माणसं तिथे नोकरीला जात होती. बाजारात मिळालेली नवी वस्तू त्यांनी आणली असेल. एक मात्र खरं, की मकावच्या शेजारच्या कँटनची खरी खासियत तारेची नव्हे. तिथे तांब्यावर पांढरी काच भाजून तिच्यावर कुंचल्याने चित्रं काढत, चिनी मातीच्या बशीसारखी. गोव्यात अठराव्या शतकातलं ‘मकावचं’ मीनाकाम शोधायचं असेल तर बिनतारेच्या डब्या आणि तबकड्या शोधाव्यात, असं माझं मत आहे.

आता ती दुर्लक्षित डबी. चार इंच व्यासाची, गोल, झाकणाची, बहुधा कुंकवासाठी वापरलेली, कारण कडेच्या सांध्यात लाल पूड अजून होती. पहिल्या नजरेला मळकट. रंग काळपट हिरवा, विटकरी, तपकिरी. झाकणावर फुलपाखरू आणि त्याच्याभोवती अनियमित तुकड्यांची जमीन. ओल्या कापडाने पुसल्यावर त्या तपकिरी तुकड्यांत चमक दिसली, अभ्रकासारखी. ती अभ्रक नव्हे. काचेत तांब्याचे स्फटिक तयार झाले की अशी सोनेरी चकाकी येते. व्हेनिसकडची ही जुनी युक्ती. जपानी कारागिरांनी तिचे तुकडे जमिनीत भरले, विशेषतः १८७० ते १९०० च्या दरम्यान.

जपानचा हा धंदा चीनच्या मानाने अगदी अलीकडचा. नागोयाजवळच्या ओवारी प्रांतात काजी त्सुनेकिची याने १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला डचांनी आणलेली एक तारेची थाळी फोडून तिची बांधणी समजून घेतली, अशी परंपरा सांगते. तिथून हा कारखाना उभा राहिला. सुरुवातीचं काम असंच गढूळ रंगाचं, पितळी तारेचं, बारीक खड्ड्यांनी भरलेलं. पुढे वागनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या मदतीने स्वच्छ, पारदर्शक रंग आले आणि १८८० नंतर उत्तम कामात चांदीची तार, मोकळी काळी जमीन, आणि तार काढून टाकलेलं बिनरेघेचं चित्रसुद्धा दिसू लागलं. आपल्या डबीत यातलं काहीच नाही. तार पिवळी, रंग गढूळ, जमीन तुकड्यांत तोडलेली. कडेला एक लहान टवका, तिथली तार काचेबरोबर गेलेली. म्हणजे जपानी हे घरच्यांचं म्हणणं बरोबर होतं, नवी हे नव्हतं. १८७० ते १८९० च्या आसपासची धरली तर ती फुलदाणीपेक्षा थोडी जुनीच निघते.

ती पेडण्यात कशी आली? मकाव सोडून मुंबईकडे पाहावं असं मला वाटतं. पेडण्यातल्या घराघरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असे. १८९३ मध्ये जपानी कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली. मुंबईहून कापूस जाई आणि येताना जपानी सटरफटर माल येई. त्याच मालात अशी कुंकवाची डबी बसते. पुरावा नाही, शक्यता आहे, आणि मकावपेक्षा ती सोपी आहे.

वाटणीचं पुढे असं झालं की थोरल्याने काजूचा तुकडा सोडला नाही. फुलदाणी त्याच्याकडेच राहिली, पण हिशोबाबाहेर. बहिणीने डबी घेतली आणि कुंकू काढू नको का, असं मला विचारलं. ‘राहू दे,’ म्हटलं. ते कुंकूही आता डबीच्याच इतिहासातलं आहे.

तिसरी वस्तू डिचोलीची आणि ती वेगळ्या कारणाने मोलाची, कारण तिचं वय आपल्याला माहीत आहे. १९५० च्या दशकात डिचोली तालुक्यातलं लोहखनिज बार्जेसमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून जपानला जाऊ लागलं. शिरगावच्या खाणीला यंत्रंही जपानी आली. जपानी अभियंते आणि खरेदीदार इथे राहून जात आणि जाताना भेटवस्तू देत. खाणीशी संबंधित एका घरात अशी एक फुलदाणी आहे. तिची मूळ लाकडी पेटी शाबूत आहे आणि झाकणाच्या आत घरच्या माणसाने मराठीत पेन्सिलीने साल लिहून ठेवलं आहे, १९५७. (अशी पेटी फेकू नका. आतल्या वस्तूइतकीच ती बोलते.)

ही फुलदाणी म्हणजे वरच्या डबीची नात शोभावी. पूर्ण लाल, पण पारदर्शक लाल. खाली चुरगाळलेला चांदीचा वर्ख आहे आणि काचेतून तो चमकतो. फुलांची बाह्यरेषा केसासारख्या चांदीच्या तारेची, बाकी जमीन मोकळी. तोंडाला आणि तळाला पांढऱ्या धातूच्या कड्या, कधीच न काळवंडलेल्या, म्हणजे चांदीच्या नाहीत, वरून चकाकीचा मुलामा दिलेल्या. शेजारी पेडण्याची डबी ठेवली तर सत्तर-ऐंशी वर्षांतला फरक लहान मुलालाही दिसेल.

पण मला तिच्यातला टवका महत्त्वाचा वाटला. घरच्यांना तो कधी पडला ते आठवतं. चवथीच्या साफसफाईत माटोळीची काठी लागली, त्याला मी पाहिलं तेव्हा सात वर्षं झाली होती. त्या सात पावसाळ्यांत उघडं पडलेलं तांबं गडद तपकिरी झालं होतं, कडेला हिरवा कळंक चढला होता आणि काचेच्या धारेत धूळ बसून ती काळी दिसत होती. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की ताज्या टवक्याचं तांबं गुलाबी-लखलखीत आणि जुन्याचं काळवंडलेलं. लिहिलेलं खोटं नाही, पण ते कोरड्या हवेत. समुद्राच्या खाऱ्या, ओल्या हवेत सात वर्षांचा टवका शंभर वर्षांचा दिसतो. गोव्यात कळंकावरून वय काढणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. काचेची धार मात्र इथेही खरं सांगते. जिथे अनेक वर्षं हात आणि फडकं फिरलं आहे तिथली धार गुळगुळीत होते, आणि जिथे फिरलं नाही तिथे ती बोटाला टोचते. डिचोलीच्या फुलदाणीची धार काळी होती, पण टोचत होती.

बारीक खड्ड्यांबद्दलही तसंच. काचेत अडकलेले हवेचे बुडबुडे घासताना फुटतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं उरतात. जुन्या कामात ती जास्त, आणि कारागीर रंगीत मेणाने बुजवत. पण हलक्या नव्या कामातही ती भरपूर असतात. ती मोजत बसण्यात अर्थ नाही.

बुजवलेला टवका ओळखणं तुलनेने सोपं. काच गालाला लावली तर गार लागते, लाख, मेण किंवा नखाचं पॉलिश तितकं गार लागत नाही. तिरप्या उजेडात काचेची चमक अखंड असते, भरावाची चमक मंद आणि किंचित खोलगट. सुई तापवून पाहण्याचा उद्योग काही जण करतात, तो करू नये.

यापेक्षा मोठी हानी आमच्या घरांत चिंचेने झाली आहे. समया घासायच्या त्याच दिवशी, त्याच चिंचेने किंवा आमसुलाने फुलदाणीही घासली जाते. अशा घासण्याने तारेवरचं सोन्याचं पातळ पाणी काही वर्षांत जातं आणि आंबट पाण्याने शिसं असलेली काच वरून खाल्ली जाऊन तिची चमक मरते. पुन्हा पॉलिश करून ती परत येत नाही. तार पिवळी, तांबडी की पांढरी हे अशा घासलेल्या वस्तूवर चटकन दिसतं, एवढाच त्यातला फायदा. कोरड्या मऊ कापडाने पुसावं, फार तर किंचित ओलसर, आणि टवका असेल तिथे पाणी लावू नये, कारण ते काचेखाली शिरून आतून कळंक धरतं आणि शेजारची काच सुटते. सुटलेला तुकडा मिळाला तर फेकू नये. कागदाच्या पुडीत घालून वस्तूच्या आतच ठेवावा. डिचोलीच्या घरी तो लाल तुकडा आगपेटीत घालून ठेवला आहे, आणि त्याच्या पाठीमागे चांदीच्या वर्खाची सुरकुती भिंगाशिवाय दिसते.